जोडघराचा पट्टा

त्या जानेवारीत भूकंप झाला तेव्हा आम्ही बडोद्याजवळ छाणीच्या घरीच होतो. सुटीची सकाळ होती, टीव्हीवर परेड लागायची वाट बघत होतो. आधी कपाटावरचे डबे वाजले, मग पत्रे कुरकुरले, आणि आईने चहाचा गॅस बंद करून माझा दंड धरला. आम्ही गल्लीत आलो तोवर सगळी सोसायटी बाहेर उभी होती. कुणाच्या तोंडाला साबण, कुणाच्या पायात चप्पल नाही. कच्छात काय झालं ते दुपारनंतर कळत गेलं. आमच्याकडे तसं काहीच झालं नव्हतं. मागच्या खोलीच्या कोपऱ्यात एक तडा गेला होता, एवढंच.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. सिव्हिलचा डिप्लोमा करून रावपुऱ्यातल्या एका इंजिनीअर साहेबांच्या ऑफिसात ड्रॉइंगचं काम करत होते. त्यामुळे घरात तडा बघायचा मान माझा. मी स्टुलावर चढले, पट्टी लावली. पत्र्याखालून निघून खिडकीच्या उंचीपर्यंत आलेली केसाएवढी रेघ होती. "नुसता प्लास्टरचा आहे," मी बाबांना सांगितलं. बाबांनी तड्यात लांबी भरली, रंगाचा हात मारला, आणि विषय संपला.

आता इतक्या वर्षांनी ही गोष्ट लिहायला बसले आहे, तर कबूल करते की तो तडा माझ्याशी बोलत होता आणि मला ऐकू आलं नाही. विटांच्या चांगल्या बांधकामात तडा जातो तो पायऱ्यापायऱ्यांनी, एका दरजेतून दुसऱ्या दरजेत उतरत. हा मात्र ओळंबा सोडल्यासारखा सरळ होता. एखादी भिंत इतकी सरळ उकलते याचा अर्थ काय, हे मला परीक्षेत विचारलं असतं तर मी लिहिलं असतं. स्वतःच्या घरात दिसलं नाही.

ज्यांना ते माहीत होतं ते गृहस्थ दोन वर्षांनी ऑफिसात आले. साठीच्या आसपासचे, दाहोदकडचे, खांद्यावर पंचा. खुर्चीवर बसायला तयार नव्हते. ते गुजरातीत बोलत होते, तेच मी इथे मराठीत लिहिते आहे.

"साहेब, छाणीची ती कामगारांची घरं आहेत ना, पत्र्याची, दोन-दोन जोडलेली, ती मी बांधली आहेत. मी त्यावर कडिया होतो, गवंडी. त्या घरांचे कोपरे बांधलेले नाहीत."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बांधलेले नाहीत म्हणजे?"

"लांब भिंती आमच्या टोळीने आधी उभ्या केल्या. आडव्या भिंती दुसऱ्या टोळीने मागून घातल्या. मध्ये दाते सोडायला हवे होते, म्हणजे मागच्या विटा पुढच्यांत अडकल्या असत्या. मुकादम म्हणाला, दाते सोडत बसलात तर पावसाच्या आत पत्रे चढणार नाहीत, आणि वरून प्लास्टर येणारच आहे. मी सोडले नाहीत. एक भिंत दुसरीला नुसती टेकवली आहे. मध्ये चुन्या-सिमेंटचा मसाला, बस."

"इतक्या वर्षांनी हे सांगायला आलात?"

त्यांनी खांद्यावरचा पंचा नीट केला. मग म्हणाले, "भूकंपानंतर मी कच्छात कामाला गेलो होतो. आधी मलबा उचलायचं काम, मग घरं बांधायचं. तिथे बघितलं. कितीतरी भिंती फुटल्या नव्हत्या, साहेब. सुट्या होऊन अख्ख्या बाहेर पडल्या होत्या, आणि छप्पर आत. कोपरे उघडलेले, पुस्तक उघडावं तसे. दर वेळी मला छाणी आठवायची. मग तिथल्या लोकांनी आम्हाला शिकवलं, उभ्या घराला बाहेरून पट्टा कसा बांधायचा, कोपऱ्यात सळई कशी घालायची. मला येतं ते. तुम्ही त्या लोकांना सांगा. माझं कुणी ऐकणार नाही."

साहेब माझ्याकडे वळले. "तू छाणीलाच राहतेस ना? कुठली सोसायटी?"

मी सांगितलं. मिस्त्रीकाकांनी, पुढे मी त्या गृहस्थांना हेच म्हणू लागले, माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना माझ्या स्कूटीवर मागे बसवून घरी आणलं. दारात बाबा उभे होते. बाबा रिफायनरीत फिटर होते, निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली होती. ते घर त्यांनी बाकीच्या कामगारांबरोबर सोसायटी करून मिळवलेलं. आमच्या जळगावकडच्या सगळ्या नातेवाइकांत स्वतःचं पक्कं घर असलेले ते पहिले. त्या घराच्या भिंतीत खिळा मारायचा तरी बाबांना विचारावं लागे.

मिस्त्रीकाकांनी मागच्या खोलीच्या कोपऱ्यावर छिन्नीच्या दांड्याने ठोकलं, कान लावला, आणि मग बाबांना विचारलं, "इथे वीतभर फोडू?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. प्लास्टर पडलं. उघड्या पडलेल्या वीतभर भिंतीत वरपासून खालपर्यंत एक उभी सरळ फट होती. दोन्हीकडच्या विटा शाळेतल्या मुलांसारख्या आपापल्या रांगेत उभ्या होत्या, एकही वीट पलीकडच्या रांगेत शिरलेली नव्हती. मिस्त्रीकाकांनी आईकडून भाजी चिरायची सुरी मागितली. ती फटीत मुठीपर्यंत गेली.

बाबा त्या सुरीकडे बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "हे तुम्ही केलंय?"

"हो."

"आणि माझी मुलं या खोलीत झोपली. वीस वर्षं."

बाबा बाहेर जाऊन ओट्यावर बसले. मी कुणाची समजूत घालावी ते मला कळेना. मीही त्याच कोपऱ्याला हातभर अंतरावरून बघून प्लास्टरचा तडा म्हटलं होतं, आणि शिकलेली मी होते. आईने मात्र चहा टाकला आणि पहिला कप मिस्त्रीकाकांना दिला. नंतर मी तिला त्याबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, "न सांगता बसला असता तर आपल्याला काय कळणार होतं?"

साहेबांनी मला ड्रॉइंग करायला सांगितलं आणि कल्पना समजावली, ती तशी साधी होती. भूकंपात जमीन हलते तेव्हा भिंत आपल्या जाडीच्या दिशेने फार कमकुवत असते. तिला शेजारच्या आडव्या भिंतीने धरून ठेवायचं असतं. ते धरणं होतं कोपऱ्यात. कोपरा सुटला की भिंत एकटी पडते आणि कोसळते. म्हणून घराला पिंपाला लोखंडी कडं असतं तसा पट्टा घालायचा: एक दार-खिडक्यांच्या डोक्यावरून, एक पत्र्याच्या लगेच खाली. वीतभराहून रुंद पट्टीत प्लास्टर काढायचं, दरजा खरवडायच्या, तारेची वेल्ड केलेली जाळी आणि तिच्याबरोबर आडव्या सळया भिंतीला ठोकायच्या, आणि वरून घट्ट सिमेंटचा मसाला. कोपऱ्यांत आतून पायापासून छतापर्यंत एक उभी सळई. तिला भिंतीत जागोजाग भोकं पाडून काँक्रीटने धरायचं. "याने तडे जायचे थांबणार नाहीत," साहेब म्हणाले. "घर माणसांवर पडणार नाही. लोकांना सांगशील तेव्हा एवढंच कबूल कर, जास्त नको."

मी चार दिवस खपून आमच्या घराचं ड्रॉइंग केलं. ते घेऊन मिस्त्रीकाकांकडे गेले. ते तेव्हा छाणी गावातच एका साइटवर राहत होते. त्यांनी कागद विटांच्या ढिगावर पसरला, बोटाने पट्टा गिरवत गेले, पुढची भिंत, बाजूची भिंत, मागची भिंत, आणि थांबले.

"बेन, हा इथे कुठे जातो?"

"इथे मधली भिंत आहे. पलीकडे शेजारीणबेनचं घर."

"मग पट्टा इथे संपला?"

"हो. आमचं घर तिथे संपतं."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. उठून उभे राहिले, खांद्यावरचा पंचा काढला आणि पोटावर अर्ध्यापर्यंत गुंडाळून दोन्ही टोकं हातात धरून मला दाखवली. "असा पट्टा बांधतात का? सोडला की पडला. घर कागदावर दोन आहेत, भिंती एकच आहेत. हलतील तेव्हा दोन्ही घरं एकदम हलतील. पट्टा अख्ख्या खोक्याला फिरून आपल्या आपल्याला येऊन मिळाला पाहिजे. असं अर्धं काम मी करणार नाही. एकदा केलं आहे."

मला लाज वाटली, पण तेव्हा वाटली त्याहून आता जास्त कृतज्ञता वाटते. त्यांनी मुकाट्याने माझ्या कागदाप्रमाणे काम केलं असतं तर साहेबांनी बहुतेक चूक पकडली असती, बहुतेक. पण त्या माणसाने ती ड्रॉइंगवर सही होण्याआधी, विटांच्या ढिगावर, मला कमी न लेखता पकडली. पुढे मी जिथे जिथे ड्रॉइंग काढलं तिथे आधी बोटाने पट्टा गिरवून बघितला की तो सुरुवातीला परत येतो का.

पण आता अडचण निराळी होती. शेजारीणबेन.

शेजारीणबेन गुजराती विधवा बाई, बाबांच्याच वयाच्या. पुढच्या कोपऱ्यालगतच्या खिडकीशी शिलाई मशीन ठेवून ब्लाउज शिवायच्या. बाबा आणि त्या आठ वर्षं बोलत नव्हते. त्यांच्या मोरीचं पाणी आमच्या बाजूला यायचं, बाबांनी एकदा त्यात विटा भरल्या, मग त्यांचा भाऊ काही बोलला, बाबांनी उत्तर दिलं. आई आणि त्या मागच्या दाराने वाटी-वाटी साखर देत-घेत राहिल्या, पण पुढच्या दाराने दोन्ही घरं परकी होती.

मी आधी एकटीच गेले. सगळं समजावलं. शेजारीणबेन शांतपणे ऐकून घेत होत्या, तोवर मी सांगून बसले की साहेबांच्या मते त्यांची ती खिडकी कोपऱ्याच्या फार जवळ आहे, कोपऱ्यात भिंतच उरत नाही, म्हणून ती विटांनी बंद करावी लागेल.

"बंद?" त्या म्हणाल्या. "मग सुईत दोरा मी अंधारात ओवू? तुझ्या वडिलांना सांग, आधी माझी मोरी बंद केली, आता बारी." बारी म्हणजे खिडकी.

मी परत आले. मिस्त्रीकाका म्हणाले, "बोलून नाही होणार. दाखवावं लागेल. कच्छात आम्हाला दाखवलं होतं तेव्हाच पटलं." त्यांनी बाबांकडे पाईप मागितले.

इथून बाबा बदलायला लागले असं मला वाटतं. फिटर माणसाला कुणी यंत्र जमवायला सांगितलं की त्याचा राग टिकत नाही. त्यांनी लोखंडी पाईपचे चार सारखे तुकडे आणले, त्यांवर जाड लाकडी फळी, म्हणजे फळी पाईपांवर मागे-पुढे सरकेल. फळीच्या एका टोकाला धक्का थांबवायला लाकडी ओंडका, दुसऱ्या टोकाला घण मारायला लोखंडी पत्रा ठोकलेला. मिस्त्रीकाकांनी विटा कापून मातीच्या गाऱ्यात त्या फळीवर दोन छोट्या खोल्या बांधल्या, गुडघ्याएवढ्या उंच, दोघींना एकेक दार आणि कोपऱ्याजवळ एकेक खिडकी. दोघींचे कोपरे मुद्दाम नुसते टेकवलेले. एकीला तशीच ठेवली. दुसरीला वरून कोंबडीच्या खुराड्याला लावतात त्या जाळीची पट्टी फिरवली, टोकावर टोक चढवून बांधली, खिडकीभोवती जाळीची चौकट केली, कोपऱ्यांत तारा उभ्या केल्या आणि सिमेंटचा हात दिला. मग आठ-दहा दिवस दोन्ही वाळू दिल्या.

रविवारी सकाळी सोसायटीच्या मोकळ्या जागेत तीस-चाळीस लोक जमले. साहेबही आले होते. त्यांनी आधीच सांगितलं, "ही काही प्रयोगशाळा नाही. भूकंप घणाने मोजता येत नाही. नुसतं बघा, काय आधी सुटतं ते."

घण बाबांनीच हातात घेतला. पहिल्या ठोक्याला फळी सरकली, दोन्ही खोल्या हलल्या, काही झालं नाही. लोक हसले. दुसऱ्याला पहिल्या खोलीचे दोन कोपरे वरून उघडले, बारीकशी फट दिसली. तिसऱ्याला तिची लांब भिंत अख्खी बाहेरच्या बाजूला झुकली आणि चौथ्याला सपाट पडली. विटा फुटल्या नाहीत. भिंत नुसती आडवी झाली. दुसऱ्या खोलीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपे तडे गेले होते. बाबा मारत राहिले. सहा, सात, आठ. तडे वाढले, खालून माती भुरभुरली, पण चारही भिंती एकमेकींना धरून उभ्या होत्या. शेवटी साहेबांनीच बाबांचा हात धरला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारीणबेन पुढे आल्या, वाकून पडलेली भिंत बघितली आणि मिस्त्रीकाकांना विचारलं, "ही पडली तिच्यात माझी बारी होती ना?"

"हो, बेन."

"आणि त्या दुसरीत बारी तशीच आहे."

"तिच्याभोवती जाळी आहे. थोडी लहान होईल, चारी बाजूंनी. बंद नाही करायची. साहेबांना मी विचारतो."

साहेब तिथेच होते. ते क्षणभर विचार करून म्हणाले, खिडकी आत-बाहेरून जाळीने आणि सळयांनी पूर्ण बांधून घेतली आणि कोपऱ्याकडची थोडी भरून घेतली तर चालेल. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या माझ्या वहीत चित्र काढून दिलं.

मग शेजारीणबेन बाबांकडे वळल्या. घण मारून बाबांना घाम आला होता. त्या म्हणाल्या, "भाई, मोरीचं पाणी मी वळवून घेईन." बाबा म्हणाले, "मीच पाईप टाकून देतो, त्यात काय." आठ वर्षांनंतरचं बोलणं एवढंच. आई माझ्या मागे उभी होती. तिने माझ्या पाठीत हळूच कोपर मारलं.

पुढच्या आठवड्यात काम सुरू झालं. पहिलं जोडघर आमचं. सगळ्या खोल्यांतलं सामान मधोमध ओढून चादरी टाकल्या. मिस्त्रीकाकांनी पाण्याच्या नळीने लेव्हल काढून दोन्ही घरांभोवती निळीच्या दोरीने रेघ मारली, आणि ती शेजारीणबेनच्या भिंतीवरून फिरून आमच्या दाराशी परत येऊन मिळाली तेव्हा मला बोलावून दाखवली. मग प्लास्टर उतरलं. दरजा खरवडल्या, तारेच्या ब्रशने घासल्या, पाणी मारून धुतल्या. जाळी भिंतीला चिकटवून लावायची नाही, मध्ये बोटाची जाडी राहिली पाहिजे म्हणजे मसाला मागे शिरतो, यासाठी ते खालून दगडाच्या चिपा घालत. कोपऱ्यावर जाळी कापायची नाही, वाकवून पुढच्या भिंतीवर न्यायची. जिथे एक तुकडा संपून दुसरा लागे तिथे हातभर एकमेकांवर चढवून तारेने बांधत. मी रोज ऑफिसच्या आधी तासभर तिथे असे, आणि रोज काहीतरी शिकून जाई.

कोपऱ्यांचं काम सगळ्यात सावकाश. आत फरशी उखडून पायापर्यंत खड्डा केला, उभी सळई त्यात काँक्रीटने रोवली. मग खालून वर, एकदा या भिंतीत, एकदा त्या भिंतीत, आरपार भोक पाडायचं. विटा हादरू नयेत म्हणून घण नाही, छिन्नी आणि छोटी हातोडी. भोक पाण्याने धुवायचं, त्यात आकड्याच्या आकाराची सळई घालायची, तिचा आकडा उभ्या सळईला अडकवायचा आणि काँक्रीट ठासून भरायचं. सळईचं वरचं टोक पट्ट्याच्या सळयांना बांधायचं. त्या सरळ फटीत त्यांनी आधी पातळ सिमेंट भरून घेतलं होतं, पण ते म्हणत, "हे नुसतं दात कोरल्यासारखं. धरणार ती सळई."

एका सकाळी मी गेले तर मागच्या खोलीत बाबा आणि मिस्त्रीकाका दोघे भोकाच्या दोन बाजूंना होते. बाबा बाहेरून, ते आतून. बाबा सळई ढकलत होते, ते ओढून आकडा अडकवत होते. "थोडी डावीकडे, भाई." "आता?" "बराबर." मी दारातूनच परत फिरले. त्या दिवशी दुपारी आईने वाढताना दोघांच्या भाकऱ्या एकाच ताटात ठेवल्या आणि ते दोघे ओट्यावर बसून जेवले. बाबांनी त्या जुन्या गोष्टीबद्दल पुन्हा कधी एक शब्द काढला नाही. मिस्त्रीकाकांनी मात्र एकदा काढला. ते म्हणाले, "तुम्ही मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं." बाबा म्हणाले, "शिवी देऊन कोपरा जोडला जातो का?"

मसाला चढला आणि मग पाणी मारायचं काम आलं. चौदा दिवस, दिवसातून तीनदा, पट्टे ओले राहिले पाहिजेत, नाहीतर सगळं फुकट, असं मिस्त्रीकाकांनी बजावलं होतं. ते काम आई आणि शेजारीणबेननी वाटून घेतलं. पट्ट्यांवर गोणपाट लटकवले होते, त्यांवर दोघी नळीने पाणी सोडत. एकीकडे लग्नाचे ब्लाउज शिवायचे, एकीकडे भिंती भिजवायच्या. नळाला पाणी सकाळीच यायचं, म्हणून दोघींनी मिळून एक पिंप भरून ठेवलं. चौदाव्या दिवशी मिस्त्रीकाका आले, पट्ट्यावर ठोकून बघितलं, सगळीकडून एकसारखा ठणठणीत आवाज आला. शेजारीणबेन म्हणाल्या, "कधी माझ्या पोळ्याही इतक्या एकसारख्या भाजल्या नाहीत." मिस्त्रीकाका पहिल्यांदा मोकळे हसलेले मी बघितले.

त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी मिळून सोसायटीतल्या अर्ध्याहून जास्त जोडघरांना पट्टे बांधले गेले. सगळ्यांना नाही. काही ठिकाणी एका बाजूचं घर तयार आणि दुसऱ्या बाजूचं नाही, म्हणून राहिलं. दोन जोड्या तर नुसत्या आमच्या मोरीची गोष्ट ऐकून एकत्र आल्या. प्रत्येक घरात मिस्त्रीकाका आधी एकच काम करत: कोपऱ्यावरचं वीतभर प्लास्टर काढून घरमालकाला फट दाखवत, आणि सांगत, हे मी केलं. मी एकदा म्हटलं, "काका, दर घरी हे सांगायलाच हवं का?" ते म्हणाले, "नाही सांगितलं तर त्यांना वाटेल, पट्टा फॅशन आहे."

त्यानंतर बडोद्याला तसा मोठा धक्का बसलेला नाही. त्यामुळे आमच्या पट्ट्याने आम्हाला वाचवलं असं मी म्हणू शकत नाही, आणि म्हणावं लागू नये अशीच माझी इच्छा आहे. पण त्या घरात मी लग्न होईपर्यंत झोपले, त्याच मागच्या खोलीत, आणि त्या झोपेसाठी मी कुणाची ऋणी आहे ते मला माहीत आहे.

साहेबांनी पुढे मला पूर्णपणे अशा कामांवरच टाकलं. वाघोडियाला, आजूबाजूच्या गावांत गवंड्यांना शिकवायला मी जाऊ लागले, आणि सुरुवातीची काही वर्षं मिस्त्रीकाका बरोबर असत. मी फळ्यावर पट्टा काढून दाखवायची, ते पंचा कमरेला बांधून दाखवायचे. लोकांना पंचाच लक्षात राहायचा.

गुडघे दुखायला लागले तसे ते गावी परतले. मी एकदा त्यांना भेटायला गेले, बडोद्याहून दाहोदपर्यंत रेल्वेने आणि पुढे जीपने. ते घराला एक नवी खोली जोडत होते. जोत्याच्या पातळीवर पट्ट्याच्या सळया घालून झाल्या होत्या, काँक्रीट अजून पडायचं होतं. मला बघितल्यावर पाणी विचारायच्या आधी म्हणाले, "आलीस ते बरं झालं. आधी हे बघ."

मी खाली बसले आणि चारही कोपरे बघितले. सळया कोपऱ्यात कापलेल्या नव्हत्या. वाकवून पुढच्या भिंतीत नेलेल्या, तिथल्या सळयांबरोबर पुरेशा लांबीपर्यंत बांधलेल्या. प्रत्येक कोपऱ्यात उभी सळई पायातून वर आलेली. जुन्या घराच्या भिंतीत त्यांनी विटा काढून दाते करून ठेवले होते. मी काही सुचवावं म्हणून शोधत राहिले. काहीच नव्हतं.

"काका, मला इथे काही सांगायला उरलं नाही."

"मग जेव," ते म्हणाले.

त्यांच्या सुनेने मक्याचे रोटले आणि लसणाची चटणी वाढली. जेवताना मी त्यांना तेव्हाचं सगळं बोलून दाखवलं, जे कधी बोलले नव्हते: की त्या दिवशी ते रावपुऱ्यातल्या ऑफिसच्या जिन्यावरून परत उतरून गेले असते तर कुणालाच कळलं नसतं, की माझे आई-वडील, शेजारीणबेन, सगळे आपल्या घरांत निर्धास्त होते, चुकीचे निर्धास्त, की मला माझं काम त्यांनी शिकवलं. ते जेवत राहिले. मग त्यांनी विचारलं, "तुझे बाबा कसे आहेत?"

मी सांगितलं, बरे आहेत, निवृत्त झालेत, शेजारीणबेनचं मशीन बिघडलं की तेच दुरुस्त करून देतात.

"त्यांना मका आवडतो का?" त्यांनी विचारलं, आणि उठून आत जाऊन पिशवी भरू लागले.

जीपची वेळ होत आली होती. ती जड पिशवी त्यांनी स्वतः रस्त्यापर्यंत उचलून आणली, गुडघे दुखत असून, आणि जीपवाल्याला सांगितलं की बेनला स्टेशनच्या अगदी दारात सोड.